उरलेल्या पैशांचा प्रश्न

२०१२ च्या अखेरीस टायनी स्पेक या कंपनीने आपला ‘ग्लिच’ हा ऑनलाइन गेम बंद करायचे ठरवले, तेव्हा खात्यात सुमारे ५० लाख डॉलर शिल्लक होते. संस्थापक स्टुअर्ट बटरफिल्डने गुंतवणूकदारांना सांगितले, की हे पैसे हवे तर परत घ्या. त्यांनी घेतले नाहीत. उलट दुसरे काही करून बघ, असे सुचवले.

हा विश्वास टिकला कसा?

ग्लिच सप्टेंबर २०११ मध्ये सर्वांसाठी खुला झाला आणि दोनच महिन्यांत कंपनीने तो पुन्हा चाचणीच्या अवस्थेत नेला. नवे लोक येत, थोडा वेळ खेळत आणि निघून जात. मोजके खेळाडू मात्र त्यावर जीव टाकत. अशा वेळी त्या मोजक्यांची पत्रे पुढे करून धंदा जमतोय असे भासवणे सोपे असते. बटरफिल्डने तसे केले नाही. गेम बंद करताना कंपनीने उघड सांगितले, की खर्च भागेल एवढा प्रेक्षक मिळाला नाही. आणि ज्या फ्लॅश तंत्रावर गेम उभा होता, ते मोबाइलच्या काळात मागे पडत होते. खेळाडूंना पैसे परत देऊ केले गेले. बहुतेक कर्मचाऱ्यांना काढावे लागले, पण त्यांना नव्या नोकऱ्या मिळाव्यात म्हणून कंपनीने स्वतः प्रयत्न केले.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला वेळेची वाटते. शेवटचा डॉलर संपल्यावर कळवलेले अपयश म्हणजे नुसती बातमी असते; पैसे शिल्लक असताना कळवले, तर गुंतवणूकदाराच्या हाती निर्णय उरतो. म्हणून त्याला लिहायच्या पत्रात शिल्लक रक्कम आणि ती किती महिने पुरेल हे वरच्या ओळीतच हवे. त्याखाली, आपण काय गृहीत धरले होते आणि ते कोणत्या आकड्याने खोटे ठरवले. ‘बाजार अजून तयार नव्हता’ या वाक्याने काहीच कळत नाही.

नवी दिशाही हवेतून आली नव्हती. वेगवेगळ्या शहरांत बसलेल्या टीमने आपसांत बोलण्यासाठी आयआरसी या जुन्या चॅट-पद्धतीवर आपली सोय उभी केली होती. जुने संदेश शोधता येत, त्यामुळे ईमेल जवळपास थांबले होते. म्हणजे गुंतवणूकदारांसमोर ठेवायला रोजच्या वापरातली वस्तू होती. तरीही ती इतरांना उपयोगी पडेल, हे सिद्ध झालेले नव्हते. म्हणून २०१३ मध्ये ओळखीच्या कंपन्यांना ती वापरायला दिली. त्यांतल्या आर्डिओ या संगीत कंपनीत वापरणारे वाढत गेले, तसे लक्षात आले की लहान गटाला सोयीची रचना मोठ्या गटात गोंधळाची होते. ते दुरुस्त करत, फेब्रुवारी २०१४ मध्ये ‘स्लॅक’ सर्वांसाठी खुले झाले.