सात बिटांचं झाड आणि न हलणाऱ्या तीन ओळी

या भागात कॅशमध्ये बदललेली ओळ मुख्य मेमरीत कधी परत लिहायची, हे प्रकरण येणार होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकललं आहे. गेल्या भागात झाडाच्या पद्धतीला ‘जवळजवळ एलआरयू’ म्हटलं होतं आणि पुण्याच्या एका वाचकाने नेमकं त्यावर बोट ठेवलं. त्यांचा प्रश्न असा : हे ‘जवळजवळ’ म्हणजे किती? कोणी ढुंकून न पाहिलेली ओळ कायमची ठाण मांडून बसेल, इतकं हे झाड चुकू शकतं का?

चुकू शकतं, आणि ते कागद-पेन्सिलीने दाखवता येतं.

उदाहरणाला चिप घेऊ पॉवरपीसी ७५०. ही १९९७ची चिप, पुढच्याच वर्षी आलेल्या पहिल्या आयमॅकमध्ये हीच होती. तिची डेटा कॅश ३२ किलोबाइटची. त्यात १२८ सेट, प्रत्येक सेटमध्ये आठ जागा आणि प्रत्येक जागेत ३२ बाइटची एक ओळ. आठ ओळींच्या वापराचा खरा क्रम लक्षात ठेवायचा तर ४०,३२० शक्यता होतात, म्हणजे सेटमागे किमान १६ बिट लागतात. शिवाय प्रत्येक हिटला तो क्रम नव्याने लावायचा. ७५० फक्त सात बिटांवर भागवते आणि एका वेळी त्यातले तीनच लिहिते.

मॅन्युअलमध्ये या बिटांची नावं B0 ते B6 अशी आहेत. B0 झाडाच्या शेंड्यावर. पुढचा बळी डाव्या अर्ध्यातून (जागा ० ते ३) घ्यायचा की उजव्या अर्ध्यातून (४ ते ७), हे तो सांगतो. B1 डाव्या अर्ध्यातली जोडी निवडतो, B2 उजव्या अर्ध्यातली. B3 ते B6 हे एकेका जोडीतली जागा ठरवतात. बिट शून्य असेल तर डावीकडे जायचं, एक असेल तर उजवीकडे. सेटमध्ये रिकामी जागा असेल तर अर्थातच ती आधी भरली जाते, तेव्हा झाडाला कोणी विचारत नाही.

एखादी ओळ वापरली गेली, की तिच्या वाटेवरचे तीन बिट तिच्याकडे पाठ करतील असे लिहायचे. ‘लिहायचे’ हे महत्त्वाचं. सिम्युलेटर पहिल्यांदा लिहिणारे बरेचदा हे बिट उलटवतात, म्हणजे शून्याचा एक आणि एकाचा शून्य करतात. मग एकाच ओळीला लागोपाठ दोन हिट मिळाले की बिट होते तसे परत येतात आणि दोनदा वापरलेली ओळच बळी ठरू शकते. आपल्या प्रोग्रॅममध्ये ही चूक आहे का, हे पाहायचं तर एकाच ओळीला दोन हिट द्यावेत. दुसऱ्या हिटनंतर बिट बदलले तर चूक आहे.

आता सेट भरू. क, ख, ग, घ, च, छ, ज, झ या आठ ओळी जागा ० ते ७ मध्ये क्रमाने आल्या. शेवटची झ येऊन बसली की सातही बिट शून्य होतात आणि पुढचा बळी ठरते क. खरा एलआरयूही कलाच काढेल. इथवर दोघांचं एकमत.

पुढे असा एक प्रोग्रॅम धरू, जो क सारखी वाचतो आणि दर वाचनानंतर प, फ, ब, भ, म या पाच नव्या ओळींपैकी एक घेतो. पाच संपल्या की पुन्हा प पासून सुरुवात. या सहाही ओळी याच सेटमध्ये येतात. ख, ग, घ यांना आता कोणी विचारत नाही. बिटांचा हिशेब असा होतो :

```
               B0 B1 B2 B3 B4 B5 B6   बळी ठरलेली जागा
सुरुवात          0  0  0  0  0  0  0   0 (क)
क हिट           1  1  0  1  0  0  0   4 (च)
प मिस, जागा 4    0  1  1  1  0  1  0   2 (ग)
क हिट           1  1  1  1  0  1  0   6 (ज)
फ मिस, जागा 6    0  1  0  1  0  1  1   2 (ग)
क हिट           1  1  0  1  0  1  1   5 (छ)
ब मिस, जागा 5    0  1  1  1  0  0  1   2 (ग)
क हिट           1  1  1  1  0  0  1   7 (झ)
भ मिस, जागा 7    0  1  0  1  0  0  0   2 (ग)
क हिट           1  1  0  1  0  0  0   4 (प)
```

शेवटची ओळ आणि ‘क हिट’ची पहिली ओळ ताडून पाहा. सातही बिट तेच आहेत. इथून हे चक्र असंच फिरत राहणार. म येते ती जागा ४ मध्ये, म्हणजे प ला काढून. पुढच्या फेरीत प हवी असते, ती फ ला काढून जागा ६ मध्ये बसते. मग फ हवी असते, ती ब ला काढते. जी ओळ आता लागणार, तीच नेमकी आत्ता बाहेर गेलेली असते. पाचपैकी एकीलाही कधीच हिट मिळत नाही.

जागा आठ, कामाच्या ओळी सहा, तरी दर फेरीला पाच मिस. उरलेल्या तीन जागा ख, ग आणि घ यांनी फुकट्या भाडेकरूंसारख्या अडवलेल्या असतात.

त्यांना वाचवते क. तक्त्यात दर मिसनंतर बाण ग कडे वळलेला दिसतो. म्हणजे झाडाला ग चा सुगावा लागलेला असतो. पण पुढच्याच क्षणी क वाचली जाते आणि तिच्या वाटेवरचा B0 पुन्हा उजवीकडे वळतो. हा बिट डाव्या अर्ध्यातल्या चारही जागांचा सामाईक असल्याने क ताजी झाली की तिचे तिन्ही शेजारीही ताजे ठरतात. खऱ्या एलआरयूने पहिल्या फेरीत ख, ग, घ, च आणि छ यांना काढलं असतं आणि दुसऱ्या फेरीपासून एकही मिस झाला नसता.

याची दुसरी बाजू मजेदार आहे. पहिली फेरी सोडून कुठल्याही फेरीत क चं वाचन एकदाच गाळलं, तर पुढची नवी ओळ थेट जागा २ मध्ये जाते आणि ग बाहेर पडते. उरलेल्या चार नव्या ओळी तोवर उजव्या अर्ध्यात असतातच. म्हणजे सहाही ओळी आत आल्या आणि मिस शून्यावर आले. कंपायलरने एका ठिकाणी क ची किंमत रजिस्टरमध्ये धरून ठेवली, एवढंही त्याला पुरतं. वेग अचानक का वाढला, हे मूळ प्रोग्रॅम कितीही वाचून कळणार नाही.

ज्यांच्याकडे जुना आयमॅक आहे, त्यांना हे करून पाहता येईल. १२८ सेट गुणिले ३२ बाइट म्हणजे ४,०९६, तेव्हा एकमेकांपासून ४,०९६ बाइट अंतरावरचे पत्ते एकाच सेटमध्ये पडतात. असे तेरा पत्ते घ्यायचे. कॅश रिकामी करून पहिले आठ क्रमाने वाचायचे, मग वरचं चक्र चालवून चिपमधल्या मोजणीच्या रजिस्टरवर डेटा कॅशचे मिस पाहायचे. फेरीला पाच येत राहिले तर झाड सापडलं. मात्र मधे एखादा इंटरप्ट येऊन त्याच सेटला शिवला तर आकडा बिघडू शकतो, म्हणून मोजणी बऱ्याचदा करावी.

झाडाची उलटी चूकही आहे : हवी असलेली ओळ लवकर जाते. सातही बिट शून्य असताना क, ख, ग, च असे चार हिट द्या आणि मग एक मिस येऊ द्या. खरा एलआरयू घ ला काढेल. झाड कोणाला काढतं, ते वरच्यासारखा तक्ता मांडून शोधा. उत्तर पुढच्या भागात, लिखाणाच्या प्रकरणाआधी.