केसपेपरवरचा लाल शेरा

‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ हा शेरा केसपेपरवर एकदा पडला की सहसा कोणी खोडत नाही. मात्र असा शेरा असलेल्यांची रीतसर तपासणी केली, तर शंभरातल्या नव्वदहून अधिक जणांना पेनिसिलिन बिनत्रास चालते.

बहुतेक शेरे बालपणीचे असतात. मूल तापाने फणफणते, अमॉक्सिसिलिनचे सिरप सुरू होते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंगावर पुरळ उठते. बरेचदा ते विषाणूमुळे आलेले असते, पण ठपका औषधावर बसतो. काहींना नुसते जुलाब किंवा मळमळ झालेली असते. तो दुष्परिणाम आहे, ॲलर्जी नव्हे. खरी तात्काळ ॲलर्जी सहसा तासाभरात दिसते: अंगावर गांधी, ओठ-चेहऱ्यावर सूज, धाप, रक्तदाब घसरणे. तीही कायम टिकतेच असे नाही. दहा वर्षांत सुमारे ८० टक्के लोकांमध्ये ती मावळते.

समजा, ५८ वर्षांच्या एका बाईंचे गुडघ्याचे सांधेरोपण ठरले आहे. लहानपणी सिरपने पुरळ आले आणि दोन दिवसांत आपोआप गेले, एवढेच आईने सांगितलेले त्यांना आठवते. जखम चिघळू नये म्हणून शस्त्रक्रियेआधी सेफॅझोलिन देतात. ते पेनिसिलिनच्या कुळातले असले, तरी त्याची रचना इतकी वेगळी आहे की शेरा असतानाही बहुतेकांना चालते. तरीही शेरा पाहून अनेक ठिकाणी व्हॅन्कोमायसिन किंवा क्लिंडामायसिनकडे वळतात. सेफॅझोलिन काही मिनिटांत शिरेतून देता येते, तर व्हॅन्कोमायसिन तासभर किंवा जास्त वेळ सावकाश सोडावे लागते, आणि ते वेळेत पूर्ण झाले नाही तर संरक्षण अपुरे पडते. शेरा असलेल्यांमध्ये जखमेचा संसर्ग जास्त दिसतो, त्यामागे हे पर्यायी औषधच असते.

शेरा तपासताना डॉक्टर तीन गोष्टी विचारतात. त्रास गेल्या पाच वर्षांतला आहे का? तो जिवावर बेतणारा होता का, किंवा चेहरा सुजला वा कातडी सोलवटली होती का? त्यासाठी उपचार लागले होते का? बाईंची तिन्ही उत्तरे ‘नाही’ आहेत, म्हणजे खऱ्या ॲलर्जीची शक्यता एक टक्क्याहून कमी. अशांना त्वचेवरची चाचणीही लागत नाही. आणीबाणीची औषधे हाताशी ठेवून डॉक्टरांसमोर अमॉक्सिसिलिनचा एक डोस तोंडाने देतात आणि किमान तासभर बसवून ठेवतात. हा प्रयोग घरी करायचा नाही. कातडी सोलवटली होती किंवा तोंडात-डोळ्यांत फोड आले होते, अशांना तर ही चाचणी मुळीच देत नाहीत.

काही झाले नाही, की शेरा काढतात. इथे एक चूक नेहमी होते: रुग्णालयातल्या नोंदीतून तो जातो, पण फॅमिली डॉक्टरांच्या फाइलमध्ये तसाच राहतो आणि पुढच्या दवाखान्यात परत उतरतो. म्हणून निकालाचे पत्र रुग्णाच्या हाती देतात. पुढे त्याच बाईंना न्यूमोनिया झाला, तर साधे अमॉक्सिसिलिनही त्यांना देता येते.