वेदान्ताची हुकलेली एक्झिट

मे 2020 मध्ये वेदान्ताच्या प्रवर्तकांनी कंपनी शेअर बाजारातून काढून घेण्याचा इरादा जाहीर केला आणि शेअरमागे 87.50 रुपये देऊ केले. अशा घोषणेनंतर भाव आणि उलाढाल सहसा उसळतात, कारण बोलीपद्धतीत अंतिम भाव भागधारकांच्या बोलींतून ठरतो आणि जास्त मिळेल या आशेने खरेदी सुरू होते.

ऑक्टोबरमध्ये बोली लागली. एलआयसीने तब्बल 320 रुपये मागितले! प्रवर्तकांचा हिस्सा 90 टक्क्यांवर न्यायला सुमारे 134 कोटी शेअर हवे होते. पक्क्या बोली आल्या सव्वाशे कोटींच्या आसपास.

बेत फसला. सोमवारी बाजार उघडताच शेअर आपटला आणि दिवसभरात सुमारे 20 टक्क्यांपर्यंत घसरला. झळ बसली ती चढ्या भावाने शिरलेल्या छोट्या गुंतवणूकदारांना. बोलींचा आकडा एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर दिसत असतो. तो शेवटच्या दिवशीही उंबरठ्याच्या खाली असेल, तर धोका उघड असतो.