रात्री बारा म्हणजे नेमकी कुठली रात्र?

पुण्यात गुरुवारी पाणी बंद राहणार असलं की महापालिकेच्या निवेदनात एक वाक्य हमखास असतं : शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने पाणी येईल. त्या एका वाक्यावर घरोघरी शुक्रवारसाठीही बादल्या भरून ठेवल्या जातात. पाणी कधी बंद होणार एवढंच नव्हे, तर पुन्हा सुरू होताना काय होणार हेही लोकांना आधी कळतं.

इंटरनेट पुरवठादाराची सूचना सोसायटीच्या ग्रुपवर येते तेव्हा बहुतेक वेळा तिच्यात नेमकं हेच नसतं. रंगीत चित्र, वर कंपनीचं बोधचिन्ह आणि खाली दोन ओळी : ‘देखभालीच्या कामासाठी १० तारखेला रात्री १२ ते ५ सेवा बंद राहील. असुविधेसाठी खेद आहे.’ या दोन ओळींत तीन अडचणी लपल्या आहेत. त्या समजून घ्यायला आधी त्या पाच तासांत रस्त्यावर काय चालतं ते पाहायला हवं.

समजा, गटार रुंद करायचं आहे आणि त्याच्या कडेने गेलेली २४ तारांची फायबर केबल हलवायची आहे. काचेची ही प्रत्येक तार जेमतेम केसाएवढी जाड. एका तारेवरचा प्रकाश पुढे स्प्लिटरमध्ये विभागून साधारण ३२ किंवा ६४ घरांना पुरवला जातो. म्हणजे २४ पैकी १० तारा वापरात असल्या, तरी तीनशेहून अधिक घरं त्या केबलवर अवलंबून असतात. नवा तुकडा दिवसाच टाकून ठेवता येतो, पण जुनी केबल कापून तो जोडण्याचं काम सेवा चालू ठेवून होत नाही.

तुकड्याला दोन टोकं, म्हणून जोड ४८. प्रत्येक जोडाला तार सोलायची, स्पिरिटने पुसायची, टोक अगदी सरळ कापायचं, स्प्लायसिंग मशीनमध्ये दोन्ही टोकं विजेच्या ठिणगीने वितळवून एकजीव करायची आणि वर संरक्षक नळी तापवून बसवायची. एका जोडाला चार मिनिटं धरली तर ४८ जोडांना एका मशीनवर तीन तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. मशीनच्या पडद्यावर जोडात वाया जाणाऱ्या प्रकाशाचा अंदाज दिसतो. तो जास्त आला की जोड कापून पुन्हा करावा लागतो. शेवटी तारांची चाचणी घ्यायची आणि डबा बंद करून सील करायचा. हे सगळं धरून पाच तास मागितले जातात.

आता पहिली अडचण. ‘१० तारखेला रात्री १२’ म्हणजे कधी? कॅलेंडरप्रमाणे १० तारीख रात्री १२ वाजता सुरू होते. पण आपल्या बोलण्यात मंगळवारची रात्र बुधवारचं उजाडेपर्यंत मंगळवारचीच असते. सूचना वाचणारे निम्मे लोक सोमवारी रात्री तयारीत राहतात, निम्मे मंगळवारी. यावर साधा उपाय म्हणजे दोन्ही टोकांना वार आणि तारीख लिहायची.

दुसरी अडचण वेळेच्या निवडीची. रात्री १२ ते ५ या वेळात वापर कमी असतो, म्हणून हे काम रात्रीच होतं आणि ते योग्यच आहे. पण त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये दुपार असते. पुण्यात घरून अमेरिकी वेळेनुसार काम करणाऱ्यांसाठी हे भर कामाचे तास आहेत. त्यांना दोन-तीन दिवस आधी कळलं तर पाळी बदलून घेता येते किंवा मोबाइल डेटाची सोय करता येते. आदल्या संध्याकाळी कळून त्यांना काही उपयोग नाही.

तिसरी अडचण ‘सेवा’ या शब्दात आहे. फायबरच्या डब्याला जोडलेला लँडलाइन फोन आणि त्याच जोडणीवरचा टीव्हीही बंद पडतो. ज्या घरात मोबाइलची रेंज नाही आणि फोन वायफाय कॉलिंगवर चालतो, तिथे रात्री कुणाला फोनही लावता येत नाही. घरात एकटं आजारी माणूस असेल, तर ही माहिती इंटरनेटपेक्षा महत्त्वाची ठरते.

हे सगळं धरून चित्राखालचा मजकूर असा होईल :

*‘गटाराच्या कामामुळे आमची मुख्य केबल नव्या जागी हलवायची आहे. त्यासाठी मंगळवार, १० मार्चच्या रात्री १२ वाजल्यापासून बुधवार, ११ मार्चच्या पहाटे ५ वाजेपर्यंत ए ते एफ इमारतींचं इंटरनेट बंद राहील. आमच्या जोडणीवरचा लँडलाइन फोन, टीव्ही आणि वायफाय कॉलिंगही चालणार नाही. रात्री लागणाऱ्या फोनची कृपया दुसरी सोय ठेवा. ५ नंतरचा अर्धा तास जोडणी अधूनमधून तुटू शकते. काम लांबणार असेल तर पहाटे साडेचारला एसएमएसने कळवू. रात्रपाळीत घरून काम करणाऱ्यांना ही वेळ अडचणीची आहे, याची आम्हाला जाणीव आहे. या गैरसोयीबद्दल मनापासून माफी मागतो.’*

‘असुविधेसाठी खेद आहे’ हे हिंदी सूचनेचं शब्दशः मराठी आहे. मराठी माणसाची होते ती गैरसोय. तिच्याबद्दल माफी मागताना ती कुणाची आणि कशी होणार हे लिहिलं की वाचणाऱ्याला ती माफी आपल्यासाठी आहे असं वाटतं. हा मजकूर फक्त चित्रात न ठेवता खाली अक्षरांतही द्यावा. डोळ्यांनी अधू असलेल्यांचा फोन अक्षरं वाचून दाखवतो, चित्रातली अक्षरं बरेचदा सुटतात.

साडेचारचं ते आश्वासन का हवं, हे कॅनडाच्या अनुभवावरून कळतं. ८ जुलै २०२२च्या पहाटे रॉजर्स या दूरसंचार कंपनीच्या मुख्य जाळ्यात नियोजित सुधारणेचं काम चालू होतं. एका बदलात मार्गांची माहिती गाळणारा नियम निघून गेला, माहितीचा लोंढा मुख्य राउटरांवर आदळला आणि ते कोलमडले. १ कोटी २० लाखांहून अधिक ग्राहकांची सेवा बंद पडली. डेबिट कार्डाचे व्यवहार थांबले, अनेकांना ९११ हा आपत्कालीन क्रमांकही लागेना. अभियंत्यांची स्वतःच्या यंत्रांपर्यंत पोचायची वाटही त्याच जाळ्यातून जात असल्यामुळे बिघाड शोधायलाच तास गेले. सेवा बंद होती सुमारे दिवसभर. कंपनीने नंतर ५ दिवसांचं शुल्क ग्राहकांना परत दिलं.

केबलच्या कामात तर मागे फिरायला वावच नसतो, कारण एकदा जुनी केबल कापली की ती परत जोडायलाही तेवढाच वेळ लागतो. म्हणून जाणती टोळी कापण्याआधी नव्या तुकड्याची चाचणी घेते, मशीनवर एक-दोन जोड करून पाहते, पाऊस आला तर काम पुढे ढकलते. वापरातल्या तारा आधी जोडते, रिकाम्या मागून.

पहाटे प्रकाश परत येतो तेव्हा घरातल्या फायबरच्या डब्यावरचा LOS हा लाल दिवा विझतो. तरी इंटरनेट लगेच चालेल असं नाही. शेकडो डबे एकाच वेळी नोंदणीसाठी सर्व्हरचं दार ठोठावत असतात, त्यात काही मिनिटं जातात. अशा वेळी बारीक टोचणीने दाबायचं रीसेटचं बटण दाबू नये. त्याने डब्यात साठवलेलं वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड पुसला जातो, आणि मग माणूस घरी येईपर्यंत वाट पाहावी लागते. डबा एकदा बंद करून दोन मिनिटांनी चालू करावा. दिवा लालच राहिला तर त्या घरापर्यंत प्रकाश पोचलेला नाही, हे धरून तक्रार नोंदवावी. ‘लाल दिवा चालू आहे’ एवढं सांगितलं तरी तंत्रज्ञाला बिघाड तारेत आहे हे फोनवरच कळतं, आणि तो निघताना जोडणीचं मशीन बरोबर घेऊन निघतो.