लाल नोड कुणाचा सोबती?

रेड-ब्लॅक ट्रीचे नियम विद्यार्थी पाठ करतात, पण ते असे का आहेत हे क्वचितच कुणी सांगते. संख्या क्रमाने ठेवून झटपट शोधण्यासाठी ही रचना वापरतात. प्रत्येक नोडमध्ये एक संख्या असते, तिच्याहून लहान डावीकडे आणि मोठ्या उजवीकडे जातात. मुळाचा नोड काळा असतो, लाल नोडखाली लगेच लाल नोड चालत नाही आणि मुळापासून कुठल्याही टोकापर्यंत उतरले तरी वाटेत काळे नोड सारखेच लागले पाहिजेत.

या नियमांचे मूळ टू-थ्री-फोर ट्रीमध्ये आहे. तिथे एका नोडमध्ये एक, दोन किंवा तीन संख्या मावतात, त्यांच्याखाली अनुक्रमे दोन, तीन किंवा चार फांद्या फुटतात आणि सगळी टोके एकाच पातळीवर असतात. पण तीन खणांचा नोड प्रोग्रॅममध्ये सांभाळणे किचकट. म्हणून गिबास आणि सेजविक यांनी 1978 मध्ये रंगांची युक्ती मांडली. (रुडॉल्फ बायर यांची अशाच धाटणीची रचना 1972 मधली.) मोठा नोड फोडून एकेका संख्येचे नोड करायचे. त्यातला एक प्रमुख, तो काळा. उरलेले त्याचे सोबती, ते लाल. लाल नोड म्हणजे ‘मी वरच्या काळ्याच्याच गटातला’ एवढेच.

आता नियम आपोआप उलगडतात. गटात प्रमुख आणि जास्तीत जास्त दोन सोबती, दोघेही थेट प्रमुखाला जोडलेले, म्हणून लालखाली लाल नाही. प्रत्येक गटात काळा एकच, म्हणून काळे मोजणे म्हणजे मूळ झाडाच्या पातळ्या मोजणे, आणि त्या सगळीकडे सारख्याच.

10, 20, 30, 40 या क्रमाने संख्या घालून पाहू. 10 काळा. 20 त्याच्याच गटात येतो, म्हणून लाल. 30 आला की 20 खाली लाल लटकतो, म्हणजे गट बरोबर आहे पण मांडणी वाकडी. एक रोटेशन करून 20 ला काळा प्रमुख करायचा, 10 आणि 30 त्याचे लाल सोबती. आता गट भरला. 40 साठी जागा नाही, तेव्हा टू-थ्री-फोर ट्रीमध्ये मधला 20 वर सरकतो आणि 10, 30 वेगळे गट होतात. रंगांच्या भाषेत 10 आणि 30 काळे झाले, 20 लाल झाला. वर आणखी एखादा गट असता तर 20 त्याचा सोबती झाला असता, पण तोच मूळ असल्याने पुन्हा काळा होतो. 40 मग 30 चा लाल सोबती. झाडाची उंची वाढली ती मुळापाशी, त्यामुळे सगळ्या वाटांवर एकेक काळा नोड एकदमच वाढला.

दोन संख्यांच्या गटात मात्र कुणीही प्रमुख होऊ शकतो. म्हणून एकाच टू-थ्री-फोर ट्रीची अनेक रेड-ब्लॅक रूपे निघतात, उलट दिशेने मात्र एकच उत्तर मिळते. प्रोग्रॅम चुकला असे वाटले तर याचाच फायदा घ्यावा. कागदावर प्रत्येक काळ्याभोवती त्याच्या लाल मुलांसकट वर्तुळ काढा. एखादा लाल नोड वर्तुळाबाहेर राहिला, तर कुठेतरी लालखाली लाल आला आहे किंवा मूळच लाल राहिले आहे. वर्तुळांच्या पातळ्या जुळल्या नाहीत, तर एखादा रंग किंवा रोटेशन चुकले आहे.