डावीकडे किती, उजवीकडे किती?

तळमजल्यावरच्या दोन खोल्यांची एक मोठी खोली करायची तर मधली भिंत काढावी लागते, आणि मग तिच्या डोक्यावर जे उभं आहे ते दुसऱ्या कशावर तरी पेलावं लागतं. जुन्या दुमजली घरांत हे काम नेहमीचं आहे. वरचं बांधकाम टेकू लावून धरायचं, दोन्ही टोकांच्या भिंतींवर लोखंडी आयबीम टेकवायचे आणि खालची भिंत उतरवायची. आयबीम केवढा घ्यायचा यावर मालक, गवंडी आणि फॅब्रिकेटर यांची तासभर चर्चा होते. तो ज्या दोन टोकांवर बसणार तिथे किती वजन उतरणार, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. इंजिनिअर पहिली आकडेमोड नेमकी त्याचीच करतो, कारण पुढचं सगळं गणित या दोन आकड्यांवर उभं राहतं.

एक ठरावीक उदाहरण घेऊ. दोन आधारांमधलं अंतर ५ मीटर. वरच्या मजल्यावर नऊ इंची विटांची भिंत आहे, पण ती तुळईच्या पूर्ण लांबीवर नाही. डाव्या आधारापासून ३ मीटरपर्यंत भिंत, पुढे २ मीटर मोकळी जागा. त्या मोकळ्या भागात, डाव्या आधारापासून ४ मीटरवर, मागच्या बाजूने येणारा दुसरा आयबीम आपल्या तुळईवर टेकतो आणि २००० किलो वजन आणून टाकतो. स्लॅब बाजूच्या भिंतींवर बसलेला आहे, त्यामुळे त्याचा भार इथे येत नाही असं धरू.

भिंतीचं वजन काढणं सोपं आहे. नऊ इंच म्हणजे ०.२३ मीटर जाडी, उंची २.६ मीटर. एक मीटर लांबीच्या भिंतीत साधारण ०.६ घनमीटर बांधकाम भरतं. गिलाव्यासकट विटांचं बांधकाम घनमीटरला २००० किलोच्या आसपास धरतात. म्हणजे तुळईच्या दर मीटरवर १२०० किलो, आणि ३ मीटरवर ३६०० किलो. इंजिनिअर हेच आकडे किलोन्यूटनमध्ये लिहितो. शंभर किलो म्हणजे ढोबळमानाने एक किलोन्यूटन, एवढं लक्षात ठेवलं की त्याचा कागद आपल्यालाही वाचता येतो.

एकूण ओझं ५६०० किलो. ते दोन टोकांत कसं वाटलं जातं हा खरा प्रश्न. निम्मं-निम्मं म्हणावं तर ते तुळईच्या मध्याच्या दोन्ही बाजूंना सारखं पसरलेलं नाही. बांबूला पोतं अडकवून दोघे जण चालतात तेव्हा पोतं ज्याच्या जवळ सरकतं त्याचा खांदा जास्त दुखतो. तुळईचं तसंच आहे, फक्त इथे 'जास्त' म्हणजे नेमकं किती ते काढता येतं.

त्यासाठी एका आधाराभोवती मोमेंट घ्यायचे. मोमेंट म्हणजे वजन गुणिले त्या आधारापासूनचं अंतर. डावा आधार ही बिजागरी आहे अशी कल्पना करा. भिंत आणि दुसरा आयबीम मिळून तुळई त्या बिजागरीभोवती खाली फिरवू पाहतात, आणि उजवा आधार ५ मीटरवरून वर रेटून ती अडवतो. तुळई फिरत नाही, अर्थी दोन्ही जोर बरोबरीत सुटलेले आहेत. डाव्या आधाराचा स्वतःचा रेटा बिजागरीवरच असल्यामुळे त्याचं अंतर शून्य. तो हिशोबातून आपोआप गळतो आणि एकच अनोळखी आकडा उरतो. मोमेंट आधारापाशीच घेण्यात ही सोय आहे.

दुसऱ्या आयबीमचं सरळ आहे: २००० × ४ = ८०००. भिंत मात्र ३ मीटरवर पसरलेली आहे. तिचा पहिला हात आधाराला चिकटून, शेवटचा ३ मीटरवर. मग अंतर कुठलं धरायचं? भार सगळीकडे सारखा असल्यामुळे जवळचा प्रत्येक तुकडा लांबच्या जोडीदाराशी भरपाई करतो, आणि सबंध भिंत तिच्या स्वतःच्या मध्यावर, म्हणजे १.५ मीटरवर, एकवटली आहे असं धरलं तरी मोमेंट तेवढाच येतो: ३६०० × १.५ = ५४००. बेरीज १३४००. भागिले ५, म्हणजे उजव्या आधारावर २६८० किलो. एकूण ५६०० मधून ते वजा केले की डावीकडे २९२०.

पडताळा म्हणून उजव्या आधाराभोवती मोमेंट घेऊ. तिथून भिंतीचा मध्य ३.५ मीटरवर, दुसरा आयबीम १ मीटरवर. १२६०० अधिक २००० म्हणजे १४६००, भागिले ५ म्हणजे २९२०. जुळलं.

आता या पडताळ्याबद्दल थोडं सावध बोलायला हवं, कारण डिप्लोमाच्या वर्गात तो जेवढा भरवशाचा म्हणून शिकवतात तेवढा तो नाही. या गणितात सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे भिंतीचे ३६०० किलो भिंतीच्या मध्यावर न धरता तुळईच्या मध्यावर, २.५ मीटरवर धरणं. तसं केलं तर उजवीकडे ३४०० येतात आणि डावीकडे २२००. बेरीज पुन्हा ५६००. उजव्या आधाराभोवती मोमेंट घेऊन बघा, तिथेही भिंत २.५ मीटरवरच धरली जाणार, आणि उत्तर तेच २२०० येणार. दोन्ही पडताळे पास, आणि डाव्या टोकावर ७२० किलो कमी धरले गेले! पडताळा गुणाकार-भागाकारातली चूक पकडतो. भार चुकीच्या जागी मांडला असेल तर तो काहीच बोलत नाही.

अशी चूक पकडायला दुसरी रीत बरी. प्रत्येक भाराचा वाटा वेगळा काढायचा आणि डोळ्यांनी तपासायचा. भिंतीचा मध्य डाव्या आधारापासून १.५ आणि उजव्यापासून ३.५ मीटरवर आहे. वाटणी उलट प्रमाणात होते, म्हणून डावीकडे ३.५ पंचमांश, म्हणजे सत्तर टक्के, २५२० किलो, उजवीकडे १०८०. दुसरा आयबीम डावीकडे ४०० देतो आणि उजवीकडे १६००. उभ्या बेरजा २९२० आणि २६८०. आधी मध्यावर धरलेल्या भिंतीची वाटणी अशी मांडली असती तर १८०० आणि १८०० दिसले असते. डावीकडे चिकटलेली भिंत दोन्ही टोकांना सारखी कशी वाटली जाईल, हा प्रश्न तिथल्या तिथे पडला असता.

भिंत आधारापासून लगेच सुरू होत नसेल तर अंतर मोजताना आणखी एक पाय घसरतो. समजा तीच ३ मीटरची भिंत अर्धा मीटर उजवीकडे सरकली. आता तिच्या मध्याचं अंतर म्हणजे आधीची मोकळी जागा अधिक भिंतीची निम्मी लांबी: ०.५ अधिक १.५, म्हणजे २ मीटर. ते अर्धा मीटर पुष्कळ जण विसरतात. मोमेंट ७२०० अधिक ८०००, भागिले ५. उजवीकडे ३०४० आणि डावीकडे २५६०. वजन एक किलोनेही बदललं नाही, पण जड टोक डावीकडचं उजवीकडे गेलं. जागेवर जाऊन टेप लावून भिंत कुठून कुठपर्यंत आहे ते मोजल्याशिवाय हा हिशोब करू नये, ते यासाठी.

पसरलेला भार एका बिंदूवर गोळा करण्याची मुभा आधारांवरचं वजन काढण्यापुरतीच आहे. तुळई किती वाकेल, तिच्यात ताण कुठे सर्वांत जास्त येईल हे काढताना भिंत पुन्हा पसरून ठेवावी लागते. आपल्या मूळ उदाहरणात सर्वांत जास्त वाकवणारा मोमेंट डाव्या आधारापासून सुमारे २.४३ मीटरवर येतो आणि तो साधारण ३५५० किलो-मीटर भरतो. भिंत १.५ मीटरवर गोळा करून ठेवली तर तो तिथेच ४३८० दिसेल, म्हणजे जागाही चूक आणि आकडाही.

आता तुळईचं स्वतःचं वजन. इथे २०० मिलिमीटर उंचीचे दोन आयबीम शेजारी-शेजारी जोडून बसवले असं धरू. एकाचं वजन मीटरला सुमारे २५ किलो, दोघांचं मिळून पूर्ण लांबीवर २५० किलो. ते सगळीकडे सारखं आहे, म्हणून दोन्ही टोकांना १२५ द्या. डावीकडे ३०४५, उजवीकडे २८०५.

हे ३०४५ किलो शेवटी विटांवर उतरतात. बऱ्या मसाल्यातल्या साध्या विटांच्या बांधकामावर चौरस सेंटीमीटरला सुमारे ५ किलो दाब चालतो असं धरतात. म्हणजे डाव्या टोकाखाली जवळजवळ ६१० चौरस सेंटीमीटर जागा हवी: नऊ इंची भिंतीवर २३ सेंटीमीटर रुंद आणि साधारण २७ सेंटीमीटर लांब. प्रत्यक्षात काय होतं? भिंतीत खाच पाडतात, आयबीमचं टोक १५ सेंटीमीटर आत सरकवतात आणि फटी मसाल्याने भरून टाकतात. दोन्ही आयबीमची मिळून रुंदी २० सेंटीमीटर, म्हणजे टेकायला जेमतेम ३०० चौरस सेंटीमीटर. दाब दुप्पट झाला. काही दिवसांनी टेकणाच्या खालच्या दोन-तीन थरांतल्या विटांच्या कडा कुस्करतात, गिलाव्यावर टोकापासून तिरप्या चिरा उतरू लागतात, आणि दोष सिमेंटला दिला जातो. खाली पुरेशी मोठी जाड लोखंडी प्लेट किंवा काँक्रीटचा ठोकळा ओतून त्यावर आयबीम ठेवला तर हाच भार रुंद जागेवर पसरतो. तो केवढा हवा, हे मघाच्या भागाकारानेच सांगितलं. राहणाऱ्या माणसांचं वजन आणि सुरक्षिततेसाठीची वाढ इंजिनिअर यात आणखी मिळवतो, पण वाटणीची रीत हीच.

ही रीत चालते ती तुळईला दोनच आधार असतील आणि ती त्यांवर नुसती टेकलेली असेल तर. अशा तुळईचा एक आधार थोडा खचला तरी दोन्हीकडचे आकडे बदलत नाहीत, हा तिचा मोठा गुण. मालकाला पुष्कळदा धीर येत नाही आणि तो म्हणतो, मध्ये एक खांब देऊन टाका. खांब आला की अनोळखी आकडे तीन आणि समीकरणं दोनच. कोण किती उचलणार हे आता तुळईच्या ताठपणावर आणि खांबाच्या पायावर ठरतं. खांब नसता तर आपली तुळई मध्ये एक सेंटीमीटरच्या आसपास वाकली असती. नुसत्या फरशीवर उभा केलेला खांब तेवढा खाली गेला तर तो दिसायला मध्ये उभा असेल, आणि वजन पहिल्यासारखंच, डावीकडे ३०४५ आणि उजवीकडे २८०५.