नफा कुणाचा, फरक कुणाला?

गावच्या दूध संस्थेचा वार्षिक अहवाल घरोघरी जातो, पण शेवटच्या पानावरची 'नफा विभागणी' फारच थोडे लोक वाचतात. सभेत चेअरमन वाचून दाखवतात, 'मंजूर, मंजूर' असा आवाज होतो आणि सगळे चहाकडे वळतात. खरं तर वर्षभर घातलेल्या दुधाचा शेवटचा हप्ता त्याच पानावर ठरत असतो. ते पान नीट उलगडलं तर काय दिसेल, हे कोल्हापूरकडच्या एका कल्पित संस्थेच्या गोष्टीतून पाहू. गाव आणि माणसं कल्पित आहेत, पण हिशेबाची रीत खरी आहे.

सप्टेंबरातली सभा. ऑडिट जुलैत उरकलेलं. संस्थेच्या सचिवाने फळ्यावर एकच आकडा लिहिला : निव्वळ नफा ४,८०,००० रुपये.

"हे पैसे आले कुठनं, ते आधी सांगतो," तो म्हणाला. "संघ आपल्याला दुधाचे पैसे देतो, आपण दर दहा दिवसाला तुमचं बिल देतो. मधला फरक, संघाचं कमिशन, पशुखाद्यावरची सूट आणि नमुन्याचं दूध ही आपली मिळकत. त्यातनं पगार, वीज, मशीनची दुरुस्ती गेली. उरलं ते हे."

"मग सरळ वाटून टाका की," मागून एकजण म्हणाला.

"सगळं वाटता येत नाही, दादा. महाराष्ट्राच्या सहकार कायद्याप्रमाणे निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत घालावाच लागतो. म्हणजे १,२०,००० बाजूला. उद्या मशीन बसलं किंवा संघाचं बिल थकलं तर तुमचं दहा दिवसांचं बिल थांबू नये, त्यासाठी ही गंगाजळी. इमारत, शिक्षण आणि इतर निधी मिळून ४०,०००. उरले ३,२०,०००."

आता खरा प्रश्न आला. गावातले एक तात्या उभे राहिले. संस्था निघाली तेव्हा त्यांनी ५,००० रुपयांचे शेअर घेतले होते. "आम्ही पैसे घातले म्हणून संस्था उभी राहिली. आमच्या शेअरला काय?"

"तात्या, तुमच्या शेअरला लाभांश आहेच. कायद्याने तो १५ टक्क्यांच्या वर देता येत नाही. आपण १० टक्के धरलाय. एकूण भागभांडवल २,००,०००, त्यावर २०,००० लाभांश. तुम्हाला ५०० मिळतील. राहिले ३,००,०००, ते दुधावर जातील."

"शेअरवर का नाही?"

सचिवाने पुढच्या रांगेतल्या एका मावशींचं पासबुक मागून घेतलं. मावशींचा शेअर १०० रुपयांचा. दोन म्हशी. वर्षाचं दूध बिल २,४०,०००. तात्यांनी म्हैस विकल्यामुळे त्यांचं वर्षाचं बिल २०,०००. त्याने फळ्यावर दोघांचे आकडे शेजारी मांडले. तीन लाख शेअरच्या प्रमाणात वाटले तर तात्यांना ७,५०० आणि मावशींना १५०. दुधाच्या प्रमाणात वाटले तर १,२०,००,००० रुपयांच्या एकूण दूध बिलावर तीन लाख, म्हणजे शंभराला अडीच रुपये. मावशींना ६,०००, तात्यांना ५००.

"नफा झाला तो मावशींनी रोज सकाळ-संध्याकाळ दूध घातलं म्हणून," सचिव म्हणाला. "भांडवलाला भाडं द्यायचं, ते लाभांशात दिलं. उरलेला नफा ज्याच्या दुधातून झाला त्याचा. तात्या, पुन्हा म्हैस बांधा, तुमचाही वाढेल."

सहकारी संस्था आणि खासगी कंपनी यांच्यातला फरक हाच. कंपनीत ज्याचे शेअर जास्त त्याचा नफा जास्त. सहकारात भांडवलाला मर्यादित मोबदला आणि उरलेलं व्यवहाराच्या प्रमाणात. इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या कामगारांनी १८४४ मध्ये काढलेल्या दुकानाने हाच नियम धरला : ज्याने जितकी खरेदी केली, त्याला तितका परतावा. तिथे खरेदी मोजली, इथे दूध मोजतात.

पण दूध मोजायचं कसं, यावरही सभेत वाद झाला. एक गायवाला म्हणाला, "लिटरवर वाटा. सोपं पडेल."

वर्षाचं एकूण दूध अडीच लाख लिटर. लिटरवर वाटलं तर सरसकट १ रुपया २० पैसे. सचिवाने चार हजार लिटर घालणारे दोन सभासद घेतले, एक म्हशीवाला, एक गायवाला. लिटरवर दोघांना ४,८००. बिलावर म्हशीवाल्याला ५,६००, कारण त्याचं बिल २,२४,००० झालं. गायवाल्याला १,४४,००० वर ३,६००. "संस्थेला मिळकत जास्त फॅटच्या, जास्त दराच्या दुधातनं जास्त झाली, म्हणून बिलावर," असं त्याने सांगितलं. काही ठिकाणी गाय आणि म्हैस यांना लिटरमागे वेगवेगळा दर लावतात. त्यानेही बहुतेक हेच साधतं. पद्धत कुठलीही असो, सभेने ठरवलेली हवी आणि सगळ्यांना एकच हवी.

एवढ्यात मावशींनी विचारलं, "दिवाळीला संघाचा फरक येतो, तो ह्यातलाच का?"

"नाही मावशी. तो संघाच्या नफ्यातला. संस्थेने संघाला जेवढं दूध घातलं त्यावर तो येतो आणि आपण तो तुमच्या दुधाप्रमाणे पुढे देतो. हा आपल्या गावच्या संस्थेचा. दोन्ही रकमा बिलात वेगळ्या दिसल्या पाहिजेत. एकत्र दाखवल्या तर कुणी किती ठेवून घेतलं ते कळत नाही."

इथवर सगळं नेहमीचं होतं. मग सचिवाने फळ्यावर आणखी दोन आकडे लिहिले. वर्षभरात सभासदांच्या म्हशीच्या दुधाला संस्थेत लागलेली सरासरी फॅट ६.८. त्याच दुधाला संघात लागलेली सरासरी ६.९.

"एक पॉइंट. आपल्या दरपत्रकात एका पॉइंटला लिटरमागे ८० पैसे. म्हशीचं दूध दीड लाख लिटर. म्हणजे १,२०,००० रुपये. चार लाख ऐंशी हजारांतला पाव नफा असा झालाय. तुमच्याच फॅटचे पैसे आहेत ते."

सभा गप्प झाली. मशीनच्या तपासणीत थोडा इकडे-तिकडे फरक पडतो, हे सगळ्यांना माहीत होतं. पण तो नेहमी एकाच बाजूला पडत असेल तर मशीन बिघडलंय किंवा हात चालतोय. शिवाय हे पैसे वर्षअखेर परत येतात ते पूर्ण येत नाहीत. चौथा हिस्सा राखीव निधीत गेला, काही इतर निधीत, काही शेअरच्या लाभांशात. ज्याची फॅट कापली गेली त्याला उरलेल्यातलाही वाटा मिळतो तो बिलाच्या प्रमाणात, कापलेल्या फॅटच्या प्रमाणात नाही. आणि महिन्याला पशुखाद्य उधारीवर घेणाऱ्याला ते पैसे तेव्हाच हवे होते.

मोठा नफा म्हणजे चांगला कारभार, असं म्हणूनच मानता येत नाही. खर्च वाचवून झालेला नफा आणि दुधाची फॅट कमी लावून झालेला नफा अहवालात सारखाच दिसतो. संस्थेने सभासदांना लावलेली सरासरी आणि संघाने संस्थेला लावलेली सरासरी शेजारी ठेवली, की त्यातला फरक कळतो. दोन्ही नोंदी दफ्तरात असतात आणि सभासदाने त्या मागायला हव्यात.

सभेने नफा विभागणी मंजूर केली आणि आणखी एक ठराव केला : यापुढे अहवालात निव्वळ नफ्याच्या वरती फॅटच्या या दोन सरासऱ्या छापायच्या आणि मशीनची तपासणी दर महिन्याला दोन सभासदांसमोर करायची. पुढच्या वर्षी नफा कदाचित घटेल, हे सचिवाने सभेला तिथंच सांगितलं. तो घटला आणि दहा दिवसांच्या बिलात वाढ दिसली, तर तोट्यात कुणीच नसेल.